पत्त्याची शोधाशोध

एका तक्त्यात ४०९६ ओळी आणि ४०९६ स्तंभ आहेत आणि प्रत्येक घरात ८ बाइटची एक संख्या आहे. सगळ्या संख्यांची बेरीज करायची आहे. सी भाषेत हे काम इतकंच:

```c
for (i = 0; i < 4096; i++)
    for (j = 0; j < 4096; j++)
        sum += a[i][j];
```

आता `for` च्या दोन ओळींची अदलाबदल केली, म्हणजे आडवं चालण्याऐवजी उभं चालायचं ठरवलं, तरी संख्या त्याच राहतात आणि बेरजाही तितक्याच. तरीही दुसरा प्रोग्राम कितीतरी पट हळू चालू शकतो. या फरकाचा एक मोठा वाटा संख्यांच्या पत्त्यांकडे जातो.

प्रोग्राम ज्या पत्त्यावर संख्या मागतो, तो पत्ता खरा नसतो. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रामला आपापलं आभासी पत्त्यांचं जग देते. ते जग ४ किलोबाइटच्या पानांत कापलेलं असतं आणि कोणतं पान खऱ्या मेमरीत कुठे पडलं आहे, याची नोंद पेज टेबलमध्ये असते. गोम अशी, की हे पेज टेबलही मेमरीतच राहतं. वर ते एकसलग नाही. आजच्या सर्वसाधारण ६४ बिटी इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर ते चार मजली असतं. पहिल्या मजल्यावरची नोंद दुसऱ्याचा ठिकाणा सांगते, दुसऱ्यावरची तिसऱ्याचा, आणि चौथ्यावर पानाचा खरा पत्ता हाती लागतो. थोडक्यात, एक संख्या आणायची तर आधी चार वेळा मेमरीत डोकवायचं आणि पाचव्या फेरीत संख्या घ्यायची.

दरवेळी असं केलं तर संगणक रांगतच चालेल. म्हणून प्रोसेसरच्या आतच नुकत्याच सापडलेल्या पत्त्यांची एक छोटी वही असते. तिचं नाव ट्रान्सलेशन लुकअसाइड बफर, म्हणजेच टीएलबी. मँचेस्टर विद्यापीठाच्या १९६२ सालच्या ॲटलस संगणकात या कल्पनेचं मूळ दिसतं. तिथे मेमरीतल्या प्रत्येक पानासाठी एक रजिस्टर होतं आणि मागितलेला पत्ता सगळ्या रजिस्टरांशी एकाच वेळी ताडून पाहिला जाई. मेमरी वाढत गेली तशी प्रत्येक पानाला एक रजिस्टर देणं परवडेना, म्हणून वहीत मोजक्याच नोंदी ठेवायची पद्धत आली. इंटेलच्या स्कायलेक पिढीत डेटासाठी पहिल्या पातळीवर ६४ नोंदी आणि दुसऱ्या पातळीवर १५३६ नोंदी मावतात.

नोंद वहीत सापडली तर तो हिट आणि नाही सापडली तर मिस. मिस म्हणजे पेज फॉल्ट नव्हे, ही गल्लत विद्यार्थी हमखास करतात. पेज फॉल्टमध्ये पान मेमरीतच नसतं आणि ऑपरेटिंग सिस्टिमला मध्ये पडावं लागतं. टीएलबी मिसमध्ये पान जागेवरच असतं, फक्त त्याचा पत्ता पेज टेबल चाळून काढावा लागतो, आणि या प्रोसेसरांत ते काम हार्डवेअर स्वतःच उरकतं.

आता सरासरी काढू. हिशेब सोपा राहावा म्हणून वही बघायला १ नॅनोसेकंद आणि मेमरीच्या एका फेरीला १०० नॅनोसेकंद लागतात असं धरू. हिट झाला तर १०१ नॅनोसेकंदांत काम होतं. मिस झाला तर वहीचा १, पेज टेबलच्या चार फेऱ्यांचे ४०० आणि संख्येचे १००, असे ५०१. हिटचं प्रमाण h, वहीचा वेळ t, मेमरीचा m आणि पेज टेबलचे मजले k मानले, तर भारित सरासरी आवरून एवढीच उरते:

```
EAT = t + m + (1 - h) × k × m
```

या मांडणीत पहिले दोन खर्च कधीच टळत नाहीत. कमी-जास्त होतो तो शेवटचा तुकडा, आणि त्यात h नव्हे तर (1 - h), म्हणजे मिसचं प्रमाण आहे. म्हणून ९९ टक्के आणि ९८ टक्के हिट हे गुणपत्रिकेतल्या गुणांसारखे वाचले की फसगत होते. ९९ वरून ९८ वर येताना मिस दुप्पट होतात आणि जादा खर्च ४ नॅनोसेकंदांवरून ८ वर जातो. ९० टक्क्यांवर तो ४० होतो, म्हणजे एकूण १४१. परीक्षेतल्या गणितांत बहुधा पेज टेबलची एकच फेरी धरलेली असते, त्यामुळे मिसची ही किंमत विद्यार्थ्याला जाणवतच नाही.

आता तक्त्याकडे परत येऊ. एका पानात ५१२ संख्या बसतात. आडवं चालताना पानावरच्या पहिल्या संख्येला मिस होतो आणि पुढच्या ५११ हिट होतात. जादा खर्च ४०० भागिले ५१२, म्हणजे नॅनोसेकंदाहूनही कमी, आणि सरासरी १०२ च्या आत राहते. उभं चालताना चित्र पालटतं. एक ओळ ३२ किलोबाइटची, म्हणजे आठ पानांची, त्यामुळे प्रत्येक पाऊल आठ पानं ओलांडून पडतं. एक स्तंभ संपेपर्यंत ४०९६ वेगवेगळी पानं होतात आणि वहीत जागा १५३६ ची. दुसरा स्तंभ सुरू करावा तर पहिल्या पानाची नोंद केव्हाच पुसली गेलेली असते. हिटचं प्रमाण शून्याजवळ पोहोचतं आणि सरासरी ५०१ वर. जवळजवळ पाचपट!

प्रत्यक्षातला आकडा इतका वाईट नसतो, हेही सांगायला हवं. पेज टेबलच्या वरच्या मजल्यांच्या नोंदी प्रोसेसर वेगळ्या जपून ठेवतो आणि खालच्या मजल्याच्या नोंदी साध्या कॅशमध्ये सापडू शकतात. म्हणजे k × m हे सूत्रातलं ४०० हा कमाल खर्च समजायचा. उलट बाजूही आहे. उभ्या चालीत डेटाची कॅशही बिघडते, कारण ६४ बाइटची ओळ आणून त्यातले ८ च बाइट वापरले जातात. मग मंदपणाचा दोष टीएलबीचा किती हे कसं ओळखायचं? लिनक्सवर मोजता येतं:

```
perf stat -e dTLB-loads,dTLB-load-misses ./sum
```

मिसला लोडने भागलं की (1 - h) मिळतं. दोन्ही चालींत ते ताडून पाहिलं की टीएलबीचा हात आहे की नाही, हे कळतं.

दुसरी कसोटी पानाचा आकारच बदलण्याची. हेच प्रोसेसर २ मेगाबाइटची मोठी पानंही वापरतात. अख्खा तक्ता १२८ मेगाबाइटचा आहे. छोट्या पानांत त्याची ३२,७६८ पानं होतात, मोठ्या पानांत फक्त ६४, आणि ती सगळी वहीत आरामात मावतात. शिवाय पेज टेबलचा एक मजलाही कमी चढावा लागतो. उभी चाल मोठ्या पानांवर जितकी सुधारेल, तितका दोष पत्ताशोधाचा होता. जी मंदी उरेल ती डेटाच्या कॅशची.

मोठ्या पानाला मात्र खऱ्या मेमरीत २ मेगाबाइटची सलग जागा लागते. बरेच दिवस चालू असलेल्या यंत्रावर मेमरीचे तुकडे पडलेले असतात आणि अशी जागा सापडेलच असं नाही. तेव्हा लिनक्स मुकाट्याने छोटीच पानं देतं. म्हणून मोठी पानं मागून काही फरक पडला नाही असं म्हणण्याआधी, प्रोग्राम चालू असताना `/proc/meminfo` मधली `AnonHugePages` ची ओळ बघावी. तिथे `0 kB` असेल, तर मोठी पानं मिळालेलीच नाहीत.