दहा हजारांचं पत्र आणि चष्म्याचं दुकान

दिवाळी संपली की कॉलेजांमध्ये गॅदरिंगचं वारं सुरू होतं आणि गावातल्या बाजारपेठेत मुलामुलींचे घोळके फिरू लागतात. हातात लेटरहेडवरचं पत्र, त्यात ‘आपल्या सहकार्याबद्दल आम्ही आपले ऋणी राहू’ असं वाक्य आणि खाली पन्नास हजारांपासून पाच हजारांपर्यंतचा तक्ता. दुकानदार पत्र उघडत नाही. गल्ल्यातून पाचशेची नोट काढून देतो, कारण गणपतीची वर्गणी त्याने अशीच दिलेली असते. मुलं खट्टू होतात. पण त्या पत्रात त्याच्या धंद्याबद्दल एक अक्षरही नसतं. मग त्याने आणखी काय द्यावं?

मुंबईत आयआयटीचा ‘मूड इंडिगो’ किंवा झेवियर्सचा ‘मल्हार’ भरतो तेव्हा मोठ्या कंपन्या आपणहून येतात. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजला ती सोय नाही. तिथे प्रायोजक म्हणजे स्टँडजवळचा मोबाइलवाला, कोचिंग क्लास, मिठाईचं दुकान आणि चष्म्याचं दुकान. यातलं शेवटचं घेऊ, कारण त्याचा हिशेब सगळ्यात स्वच्छ मांडता येतो.

समजा, कॉलेजात अठराशे विद्यार्थी आहेत. चष्मेवाल्याला हा आकडा सांगून उपयोग नाही, त्याला चष्मा लावणारे किती ते हवं असतं. समितीतल्या दोघांनी एका सकाळी सहा वर्गांच्या दारात उभं राहून मोजलं. २४० मुलांत ६० जणांना चष्मा. म्हणजे चौथा हिस्सा, आणि सगळ्या कॉलेजात साधारण ४५०. नंबर बदलतो, काड्या तुटतात, फ्रेम जुनी होते. दोन वर्षांतून एकदा चष्मा बदलला जातो असं धरलं तर वर्षाला २२५ चष्मे या कॉलेजातून कुठल्या तरी दुकानात जातात. हे वाक्य पत्राच्या पहिल्या परिच्छेदात आलं की दुकानदार खुर्ची पुढे ओढतो.

आता किती मागायचं? दुकानात सरासरी चष्मा १,४०० रुपयांना जातो आणि त्यातून दुकानदाराच्या हाती ५०० राहतात असं धरू. खरा आकडा त्याच्याकडूनच विचारून घ्यावा, बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात. मुलांनी १५,००० मागितले तर ते वसूल व्हायला तीस गिऱ्हाइकं लागतील. पण मुलं त्याच पत्रात ‘विद्यार्थ्यांना दहा टक्के सूट’ असंही लिहितात आणि तिथे हिशेब फसतो. सूट १४० रुपयांची, ती त्याच्या पाचशेतूनच जाते. उरले ३६०. आता तीस नव्हे, बेचाळीस गिऱ्हाइकं हवीत, म्हणजे २२५ पैकी जवळजवळ दर पाचवा. गावात आणखी दोन दुकानं असतील तर हे अवघड आहे, आणि दुकानदाराला ते कागद-पेन्सिलीशिवाय कळतं. तेच १०,००० मागितले तर अठ्ठावीस गिऱ्हाइकं पुरतात, दर आठातला एक. ही मागणी पटण्यासारखी आहे, म्हणून पत्रात दहा हजार लिहावेत.

त्या दहा हजारांच्या बदल्यात काय मिळणार हे मोजता येईल अशा भाषेत हवं. ‘भरपूर प्रसिद्धी’ या शब्दांवर कोणी पैसे देत नाही. पत्राचा गाभा असा असावा:

‘मुख्य प्रवेशद्वाराच्या आत, उजव्या हाताला, दहा बाय सहा फुटांचा एक फ्लेक्स तिन्ही दिवस राहील. निवेदक रोज तीन वेळा आपल्या दुकानाचं नाव आणि पत्ता सांगतील. ही वाक्यं आपण आधी लिहून द्यावीत. नेत्रतपासणीसाठी पहिल्या दोन दिवशी सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत वर्गखोली क्रमांक चार आपल्याला दिली जाईल. ३०० क्रमांकित कूपनं आम्ही छापून वाटू. या गॅदरिंगमध्ये चष्म्याच्या दुसऱ्या कोणत्याही दुकानाची जाहिरात घेतली जाणार नाही.’

यातली नेत्रतपासणी सगळ्यात मोलाची, आणि सगळ्यात जास्त गोंधळही तिथेच होतो. मुलं मैदानात खाऊच्या स्टॉलशेजारी सहा फुटांचं टेबल देतात. पण अक्षरांचा तक्ता वाचायला सहा मीटर, म्हणजे वीस फूट अंतर लागतं; आरसा लावला तर निम्म्यावर भागतं. मैदानातल्या उन्हात तपासणी होत नाही, आणि नंबर काढायच्या यंत्राला भरवशाचा वीजजोड लागतो. म्हणून वर्गखोली द्यायची, आणि तीही स्टेजपासून लांबची. स्पीकर दणाणत असताना ‘आता बरं दिसतंय की मघाशी?’ हा प्रश्न ऐकूच येत नाही.

कूपनांवर क्रमांक का, हेही दुकानदाराला सांगावं. फ्लेक्स किती जणांनी पाहिला हे कुणालाच कळत नाही. दुकानात परत आलेली कूपनं मात्र मोजता येतात, आणि पुढच्या वर्षीचं बोलणं त्याच आकड्यावर होतं. खर्चही फार नाही. फ्लेक्स चौरस फुटाला १५ रुपयांनी धरला तर साठ फुटांचे ९००, कूपनांचे सहाशे. दीड हजार वजा जाता कॉलेजच्या हाती साडेआठ हजार राहतात. समितीने अंदाजपत्रकात दहा नव्हे, साडेआठच धरावेत.

पैशाचा मार्गही पत्रातच लिहावा. चेक किंवा ऑनलाइन, कॉलेजच्या खात्यावर. प्रतिनिधीच्या खासगी मोबाइल नंबरवर कधीही नाही. रोखीने एका दिवसात दहा हजारांच्या वर दिलेला खर्च दुकानदाराला प्राप्तिकरात दाखवता येत नाही. पावतीवर ‘देणगी’ लिहिलं तर तो व्यवसायाचा खर्च धरला जात नाही, जाहिरातीचा खर्च मात्र धरला जातो; म्हणून जाहिरात केली असेल तर पावतीवर तसंच लिहावं. दुकान भागीदारीत किंवा कंपनीच्या नावावर असेल तर प्रायोजकत्वावरच्या जीएसटीचा प्रश्न येतो, तो आधी कॉलेजच्या लेखापालाकडून समजून घ्यावा. प्राचार्यांच्या सहीशिवाय पत्र बाहेर जाऊ नये.

दोन कलमं सहसा विसरली जातात. विद्यापीठाच्या परीक्षा पुढेमागे झाल्या की गॅदरिंगच्या तारखा सरकतात. तेव्हा पैसे परत मिळणार की नव्या तारखेला तेच फायदे मिळणार, हे लिहून ठेवावं. आणि फ्लेक्स कॉलेजच्या आवाराबाहेर रस्त्यावर लावायचा असेल तर नगरपालिकेची परवानगी हवी. ती नसेल तर फ्लेक्स उतरवला जातो आणि त्यावर नाव दुकानदाराचं असतं.

अधूनमधून तंबाखू किंवा गुटख्याशी जोडलेला एखादा व्यापारी मागितल्याच्या तिप्पट द्यायला तयार होतो. तिथून सरळ माघारी यावं. तंबाखूजन्य पदार्थांच्या प्रायोजकत्वावर २००३च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

दुकानात जायची वेळही बघावी. दिवाळीच्या आठवड्यात कोणालाच उसंत नसते. तुळशीच्या लग्नानंतर, दुपारी तीनच्या सुमारास दोघांनीच जावं. दहा जणांचा घोळका दारात उभा राहिला की गिऱ्हाईक अडतं आणि काका वैतागतात. ‘काका, तुमच्या दुकानात कॉलेजची किती मुलं येतात?’ हा पहिला प्रश्न, पत्र त्यानंतर.

गॅदरिंग संपलं की बहुतेक समित्या दुकानदाराला विसरतात, आणि पुढच्या वर्षी पाचशेची नोट मिळते ती त्यामुळेच. आठ दिवसांच्या आत एक पान द्यावं: फ्लेक्सचे तिन्ही दिवसांचे फोटो, किती जणांचे डोळे तपासले, किती कूपनं वाटली. एखादी घोषणा राहून गेली असेल तर तेही लिहावं. महिन्याभराने दुकानात जाऊन परत आलेली कूपनं मोजावीत. तो आकडा पुढच्या वर्षीच्या समितीच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावून ठेवा.