दोनच किमतींची शिडी

मागच्या आठवड्यात चार बिटांसाठी आपण चार वेगवेगळे रेझिस्टर घेतले होते: १०, २०, ४० आणि ८० किलोओहम. कागदावर गणित जमलं, पण दुकानात ४० आणि ८० मिळत नाहीत, ३९ आणि ८२ वर समाधान मानावं लागतं. बिट आठ केले की अडचण आणखी वाढते. शेवटचा रेझिस्टर पहिल्याच्या १२८ पट लागतो, आणि इतक्या लांबच्या दोन किमती एकमेकींशी नेमक्या प्रमाणात ठेवणं फार कठीण.

आजच्या मांडणीत फक्त दोन किमती आहेत, १० आणि २० किलोओहम. खरं तर एकच पुरते, कारण दोन १० एकापुढे एक जोडले की २० होतात. मी नेहमी तसंच करतो. एकाच पट्टीतले तेरा रेझिस्टर काढायचे, एक टक्केवाले, म्हणजे तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी अशा पट्ट्यांचे. एकाच पट्टीतले रेझिस्टर बहुतेक वेळा एकमेकांशी चांगले जुळतात, आणि इथे नेमकी किंमत किती यापेक्षा ते आपसात किती जुळतात यालाच महत्त्व आहे.

जोडणी अशी करा. ब्रेडबोर्डवर क, ख, ग, घ असे चार बिंदू एका ओळीत ठरवा. शेजारच्या दोन बिंदूंमध्ये १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर टाका, असे तीन लागतील. प्रत्येक बिंदूपासून २० किलोओहमची एक पायरी खाली उतरवून एकेका बिटाच्या पिनला जोडा. क वर सगळ्यांत हलका बिट, घ वर सगळ्यांत वजनदार. शेवटी क पासून आणखी एक २० किलोओहम थेट ग्राउंडला न्या. हा शेवटचा रेझिस्टर विसरू नका, सगळी शिडी त्याच्यावर उभी आहे. आउटपुट घ वर मिळतं.

आता शिडी वरून तोडून फक्त क चा विचार करा. तिथे दोन सारखे रेझिस्टर भेटतात. एकाचं दुसरं टोक ग्राउंडला आहे, दुसऱ्याचं पिनला. पिनवर ५ व्होल्ट असतील तर क बरोबर मध्यावर, २.५ व्होल्टवर राहतो. पिनवर शून्य असेल तर क सुद्धा शून्यावर. ख कडून क कडे पाहिलं, तर ते दोन २० किलोओहम समांतर असल्यामुळे १० सारखे वागतात. मधला १० त्यात मिळवला की पुन्हा २० किलोओहम होतात.

सगळी युक्ती या ‘पुन्हा २०’ मध्ये आहे. ख ला खालून येणारी ओढ २० किलोओहममधून लागते आणि त्याच्या स्वतःच्या पिनची ओढही २० मधूनच. दोन्ही ओढी सारख्याच जोरदार, म्हणून ख दोघांच्या सरासरीवर स्थिरावतो. ग वर हेच, घ वरही हेच. शिडी कितीही लांबवा, वरून खाली पाहणाऱ्या प्रत्येक बिंदूला २० किलोओहमच दिसतात, म्हणून तिसरी किंमत कधीच लागत नाही.

तेव्हा कुठल्याही शब्दाचं व्होल्टेज काढायची रीत अशी: हलक्या बिटापासून सुरू करा, आणि दर पायरीला ‘खालून आलेलं’ आणि ‘या पिनवरचं’ यांची सरासरी घ्या. समजा शब्द १०११ आहे. सुरुवातीला खाली ग्राउंड, म्हणजे शून्य. उजवीकडचा पहिला बिट १, म्हणून शून्य आणि ५ ची सरासरी २.५. पुढचा बिट १, २.५ आणि ५ ची सरासरी ३.७५. त्यापुढचा ०, म्हणून ३.७५ चे निम्मे १.८७५. सगळ्यांत वजनदार बिट १, १.८७५ आणि ५ ची सरासरी ३.४३७५ व्होल्ट. दर पायरीला निम्मं होत गेल्यामुळे वजनदार बिटाचा वाटा अर्धा, त्याखालच्याचा पाव, मग आठवा आणि सोळावा भाग. १०११ म्हणजे अकरा, आणि ५ चे अकरा-सोळांश ३.४३७५ च येतात. २० व्होल्टच्या रेंजवर मल्टिमीटर ३.४४ च्या आसपास दाखवेल.

मधल्या आकड्यांबद्दल एक खुलासा. पूर्ण जोडलेल्या शिडीत क वर मीटर लावलात तर २.५ दिसणार नाही, कारण वरच्या पायऱ्याही त्याला ओढत असतात. मधले आकडे हे वरचा भाग तोडला असता मिळणारे आहेत. थेट मोजून ताळा करायचा तो फक्त घ वर. आणि मोजण्याआधी पुरवठा मोजा. यूएसबीवरून ५ ऐवजी ४.८५ व्होल्ट येत असतील, तर पिनही तेवढंच देईल आणि १०११ ला ३.३३ दिसेल. चूक शिडीची नसते.

शिडीची खरी परीक्षा मध्यावर होते, जिथे सगळे हलके बिट एकदम शून्य होतात आणि वजनदार बिट एकटा १ होतो. आठ बिटांच्या शिडीत १२७ वरून १२८ वर जाताना व्होल्टेज साधारण १९.५ मिलिव्होल्ट वाढायला हवं. बाकी सगळं अचूक आहे, पण वजनदार बिटाची पायरी २० ऐवजी २१ किलोओहमची आहे, असं धरा. म्हणजे पाच टक्के जास्त. मग १२७ ला २.५४१ व्होल्ट येतात आणि १२८ ला २.४३९. आकडा एकाने वाढला आणि व्होल्टेज एक दशांश व्होल्टने घसरलं! तोच फरक एक टक्क्याचा असला तरी सुमारे ५ मिलिव्होल्टची घसरण होते. हीच चूक क च्या पायरीत असती तर मीटरला कळलीही नसती. म्हणून मीटरने मोजून सगळ्यांत जुळणाऱ्या जोड्या वजनदार टोकाला लावा. घरच्या जोडणीत सहा बिटांपर्यंत विश्वास ठेवावा, त्यापुढे नाही, असं माझं मत आहे.

दुसरी चूक माझ्या हातून झाली होती. शिडीचं आउटपुट १० किलोओहममधून येतं. तिथे १० किलोओहमचा भार लावला की व्होल्टेज थेट निम्मं होतं. म्हणून मध्ये ऑप-अँप घालतात. मी एलएम३५८ घातला आणि त्याला पुरवठाही तोच ५ व्होल्टचा दिला. ११ पर्यंत सगळे आकडे बरोबर आले, पण १२, १३, १४ आणि १५ या चारही शब्दांना मीटर साडेतीनच्या आसपासच अडकला. शिडी तीनदा उसवून पुन्हा जोडली, दोष सापडेना. एलएम३५८ पुरवठ्याच्या खाली साधारण दीड व्होल्टपर्यंतच पोचतो, हे नंतर माहितीपत्रकात वाचलं. त्याला ९ व्होल्ट दिल्यावर १५ या शब्दाला ४.६९ मिळाले. सर्वांत मोठ्या शब्दालाही पूर्ण ५ व्होल्ट कधीच येत नाहीत, एक-सोळांश कमीच राहतात, ते बरोबर आहे.

पुढच्या आठवड्यापर्यंत ०११० हा शब्द आधी कागदावर सरासरीने सोडवा आणि मग घ वर मोजून पाहा. ५ व्होल्टच्या पुरवठ्याला १.८७५ यायला हवेत. त्याऐवजी थोडं जास्त, दोनच्या आसपास येत असतील, तर क चा ग्राउंडला जाणारा रेझिस्टर नीट बसलाय का, तेवढं पाहा.