भर उन्हात चित्रित केलेली रात्र

'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' (२०१५) या चित्रपटात चिखलात रुतलेल्या अवाढव्य ट्रकचा रात्रीचा प्रसंग आहे. भोवती निळसर अंधार, पाठलागावर शत्रू. प्रत्यक्षात चित्रपटातले हे रात्रीचे प्रसंग नामिबियात दिवसाढवळ्या चित्रित झाले. मैलोगणिक उघड्या माळावर रात्री दिवे लावायचे तरी किती?

गंमत म्हणजे अंधार दाखवायचा असूनही चित्रीकरण मुद्दाम जास्त उजळ केलं गेलं. एक्स्पोजर सुमारे दोन स्टॉप वाढवलं, म्हणजे कॅमेऱ्यात चौपट प्रकाश घेतला. डिजिटल चित्रातला खरखरीत नॉइज सावल्यांत साचतो, आणि रात्रीच्या दृश्यात सावल्याच जास्त असतात. उजळ घेऊन नंतर काळोख केला, की त्या स्वच्छ राहतात.

मात्र पांढरा भाग जळता कामा नये. त्या ठिकाणी तपशीलच नोंदला जात नाही, त्यामुळे नंतर अंधार केला की उरतो फक्त सपाट राखाडी डाग. आकाशाचं नेमकं हेच होतं. म्हणून ते फ्रेमबाहेर ठेवतात किंवा मास्क करून वेगळं काळं करतात.

समजा, लाल साडीतली एक बाई अंगणातून घराकडे चालली आहे. सूर्य तिच्या पाठीमागे हवा, म्हणजे चेहरा सावलीत जातो आणि केसांच्या, खांद्यांच्या कडा चमकतात. संगणकावर नुसता ब्राइटनेस कमी केला तर या कडाही मळकट होतात आणि रात्रीऐवजी पावसाळी संध्याकाळ दिसू लागते. त्यापेक्षा कर्व्हने मधले टोन जोरात खाली ओढावेत आणि वरचं टोक थोडंसंच उतरवावं. काळोखात टिकलेल्या त्या कडाच चांदणं म्हणून पटतात. मग रंग फिके करून निळी छटा सावल्यांत आणि मधल्या टोनमध्ये द्यायची. हायलाइट्स जवळजवळ पांढरेच ठेवायचे. सगळ्यावर निळा फासला, तर निळ्या काचेतून पाहिल्यासारखं वाटतं.

खरं तर चांदणं निळं नसतंच. तो चंद्रावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश, उन्हापेक्षा किंचित तांबूसच. पण मंद उजेडात डोळ्यातल्या दंडपेशी काम करू लागतात. त्यांना निळसर-हिरवा प्रकाश जास्त जाणवतो, लाल जवळपास जाणवतच नाही. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात हा बदल नोंदवला. त्यामुळे बाईची लाल साडी जवळपास काळी करावी लागते. ती लालच राहिली, तर बाकीची मेहनत वाया गेली.

घराची खिडकी वेगळी मास्क करून पिवळी उजळवायची. काळोख किती गडद आहे, हे प्रेक्षकाला त्या पिवळ्या चौकोनाच्या तुलनेत कळतं.

पायाशी गोळा झालेली दुपारची आखूड, धारदार सावली मात्र रंग बदलून जात नाही. डोक्यावरच्या उन्हात घेतलेला शॉट कितीही निळा केला तरी फसतो. असा शॉट सकाळी किंवा सूर्य कलल्यावरच घ्यावा.