सहा ‘दी’ आणि एक रविवार

फ्रेंचमधले वार म्हणून बघा: लँदी, मार्दी, मेर्क्रदी, ज्योदी, वाँद्रदी, सामदी, दिमाँश. सोमवार ते शनिवार या सहा नावांचा शेवट ‘दी’ने होतो, एकट्या रविवारचा होत नाही. फ्रान्समध्ये मुलांना वार शिकवणारी जी छोटी यमकबद्ध गाणी आहेत, त्यांची सगळी घडण या एका गोष्टीवर उभी आहे. अशा गाण्याला तिथे ‘कोंतीन’ म्हणतात. मोजणे या अर्थाच्या क्रियापदाशी या शब्दाचं नातं आहे, कारण खेळात राज्य कोणावर हे ठरवताना मुलांना एकेक करून मोजत जी गाणी म्हटली जातात, तीही कोंतीनच.

हा ‘दी’ म्हणजे लॅटिनमधला ‘दिएस’, अर्थात दिवस. रोमन लोकांनी वारांना ग्रहांची नावं दिली होती आणि फ्रेंचने त्यांतली बरीच सांभाळली. लँदी चंद्राचा, मार्दी मंगळाचा, मेर्क्रदी बुधाचा, ज्योदी गुरूचा, वाँद्रदी शुक्राचा. मराठी वाचकाला यात नवं काही वाटणार नाही, कारण आपला सोमवार ते शुक्रवार याच पाच ग्रहांच्या क्रमाने चालतो. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. रोमन लोकांचा शनीचा दिवस फ्रेंचमध्ये उरला नाही. सामदी हे नाव ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसावरून, म्हणजे सब्बाथवरून आलं. सूर्याचा दिवसही गेला आणि त्या जागी ख्रिस्ती धर्माचा ‘प्रभूचा दिवस’ आला, तो दिमाँश. त्यातही ‘दिएस’ आहेच, पण तो शब्दाच्या सुरुवातीला जाऊन बसला आहे.

सुरुवातीला ‘दि’ हे काही फक्त रविवारचं वैशिष्ट्य नाही. दक्षिण फ्रान्समध्ये बोलल्या जाणाऱ्या ऑक्सितान भाषेत सगळेच वार ‘दि’ने सुरू होतात आणि त्यांचे शेवट निरनिराळे असतात. त्या भाषेत वारांना एकच यमक लावून गाणं रचता येणार नाही. फ्रेंचमध्ये ते येतं, कारण तिथे सहा वारांचं यमक भाषेनेच जुळवून ठेवलं आहे.

मुलांचं गाणं लिहिणाऱ्याला ही सोय वाटते, पण तिच्यातच अडचण आहे. कवितेतलं यमक स्मरणाला मदत करतं, कारण एका ओळीचा शेवट पुढच्या ओळीच्या शेवटाची चाहूल देतो. सहाही शब्द एकाच ध्वनीवर संपत असतील, तर मार्दीनंतर ज्योदी म्हटलं तरी कानाला काही खटकत नाही. यमक तर जुळलेलंच असतं! म्हणजे या गाण्यांत यमकामुळे नावं लक्षात राहतात, क्रम राहत नाही. क्रम सांभाळायला दुसरं काहीतरी लागतं आणि ते काय असावं, यातच रचणाऱ्याचं कसब दिसतं.

याचं एक चांगलं उदाहरण फ्रान्सच्या लोकपरंपरेत आहे. ते गाणं जेमतेम सात ओळींचं आहे आणि प्रत्येक ओळ एका वाराच्या नावावर संपते. त्यात वार माणसांसारखे वागतात. सोमवारला नमस्कार होतो, मंगळवारची खुशाली विचारली जाते, बुधवारला ‘उत्तम’ असं उत्तर मिळतं. मग गुरुवारकडून शुक्रवारसाठी निरोप येतो: शनिवारी तयार राहा, रविवारी जायचं आहे. काही पाठांत रविवारी प्रार्थनेला जायचं असतं, काहींत नाचायला. नमस्कार, खुशाली, उत्तर, निरोप, तयारी, जाणं हा जगातला नेहमीचा क्रम आहे. खुशाली विचारण्याआधी उत्तर येत नाही आणि तयारीआधी निघता येत नाही. त्यामुळे मूल वार विसरलं तरी गोष्ट विसरत नाही, आणि गोष्ट त्याला वारापर्यंत आणून सोडते. न जुळणारा रविवारही इथे नेमका जागी बसतो. सहा ओळी एका सुरात गेल्यावर सातवी वेगळ्या ध्वनीवर थांबते आणि आठवडा संपला हे कानाला कळतं.

दुसरी पद्धत एका राजा-राणीच्या गाण्यात दिसते. सम्राट, त्याची बायको आणि छोटा राजपुत्र सोमवारी सकाळी भेटायला येतात, घरी कोणी नसतं, म्हणून ते दुसऱ्या दिवशी यायचं ठरवतात. असं रविवारपर्यंत चालतं. प्रत्येक कडव्यात बाकी सगळं तेच राहतं आणि फक्त वाराचं नाव बदलतं, त्यामुळे मुलाचं सगळं लक्ष त्या एका शब्दावर येतं. ही पद्धत सोपी आहे, पण क्रम लावून देणारं गोष्टीचं बळ तिच्यात कमी आहे. बुधवारची भेट आणि गुरुवारची भेट यांत फरक काहीच नसतो.

पहिली पद्धत आतून कशी चालते ते पाहण्यासाठी या लेखापुरत्या सात ओळी जुळवल्या आहेत. विषय आहे मुळा, कारण फ्रेंचमध्ये मुळ्याच्या नावाचा उच्चार ‘रादी’ होतो.

लँदी, ज्य प्लाँत अँ रादी,
मार्दी, ज्यारोज आ मिदी,
मेर्क्रदी, ईल आ वेर्दी,
ज्योदी, ईल आ बियँ ग्राँदी,
वाँद्रदी, ईल सारोंदी,
सामदी, मामाँ म दी:
दिमाँश, ओं कूप दे त्राँश!

अर्थ असा: सोमवारी मी मुळा लावते, मंगळवारी दुपारी बाराला पाणी घालते, बुधवारी तो हिरवा होतो, गुरुवारी चांगला वाढतो, शुक्रवारी गोल होतो, शनिवारी आई मला म्हणते, रविवारी चकत्या कापू.

आता यमक पाहा. रादी, मिदी, वेर्दी, ग्राँदी, सारोंदी, दी हे सहाही शब्द वारांशी जुळतात. त्यांतल्या काहींच्या शेवटी लिहिताना ‘एस’ किंवा ‘टी’ हे अक्षर येतं, पण ते उच्चारलं जात नाही. फ्रेंच बालगीतात यमक कानाने ठरवतात, म्हणून हे चालतं. रविवारला मात्र ‘दी’ उपयोगी नाही. त्याच्यासाठी ‘आँश’ने संपणारा शब्द शोधावा लागतो: त्राँश म्हणजे चकती, ब्राँश म्हणजे फांदी, प्लाँश म्हणजे फळी, ब्लाँश म्हणजे पांढरी. गोष्टीचा शेवट कुठे न्यायचा, हे बरेचदा या थोड्या शब्दांवरच ठरतं. इथेही त्राँश आधी मिळाला, मग चकत्या सुचल्या आणि मुळा त्यानंतर आला.

ओळीची लांबी हा पुढचा प्रश्न. वरची प्रत्येक ओळ सात उच्चारखंडांची आहे. ला फोंतेनने नाकतोडा आणि मुंगीची प्रसिद्ध गोष्ट जवळजवळ पूर्णपणे याच मापात सांगितली आहे. पण वार सारख्या लांबीचे नाहीत. लँदी, मार्दी, ज्योदी दोन खंडांचे, मेर्क्रदी आणि वाँद्रदी तीन खंडांचे. म्हणून बुधवारच्या आणि शुक्रवारच्या ओळीत उरलेले शब्द आखूड ठेवावे लागतात. गुरुवारच्या ओळीतला ‘बियँ’ एक खंड भरून काढण्यासाठीच आला आहे.

सगळ्यांत अवघड शनिवार. रोजच्या बोलण्यात फ्रेंच माणूस ‘साम्दी’ असं दोन खंडांत म्हणतो, मधला अस्फुट स्वर गिळून टाकतो. मेर्क्रदी आणि वाँद्रदी या शब्दांत तसं करता येत नाही, कारण तो स्वर काढला तर तीन व्यंजनं एकमेकांवर आदळतात. पद्य म्हणताना मात्र सामदीतला स्वरही उच्चारायचा असतो: सा-म-दी. तो गिळला तर वरच्या गाण्यातली सहावी ओळ एका खंडाने तोकडी पडते आणि टाळीचा ठेका चुकतो. फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मुलांचा ठेका शनिवारी अडखळला, तर कारण बहुधा हेच असतं.

या गाण्यांत फ्रान्सच्या शाळांचा इतिहासही उमटलेला असतो. तिथे 1972पर्यंत प्राथमिक शाळेतल्या मुलांना आठवड्याच्या मध्ये गुरुवारी सुटी असे. ती त्या वर्षी बुधवारवर आली. ‘चार गुरुवारांचा आठवडा’ हा वाक्प्रचार, म्हणजे कधीच न उगवणारा दिवस, त्या जुन्या सुटीच्या आनंदातून टिकून राहिला आहे. म्हणून एखाद्या जुन्या गाण्यात गुरुवारी मुलं खेळायला निघाली, तर ती चूक समजून बदलू नये. ज्या काळात ते रचलं गेलं, त्या काळाचा आठवडा तसाच होता.

गाणं पाठ झालं म्हणजे वार आले असं नाही. मूल सातही ओळी न चुकता म्हणतं, पण ‘ज्योदीनंतर काय?’ असं विचारलं की पुन्हा लँदीपासून सुरुवात करतं. त्याच्या मनात आठवडा ही एक सलग साखळी असते, तिची कडी अलग काढता येत नाही. मार्दी आणि मेर्क्रदी दोन्ही ‘म’ने सुरू होतात, त्यांची अदलाबदलही नेहमी होते. फ्रान्समध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शाळेला ‘एकोल मातेर्नेल’ म्हणतात. तिथे गाण्याच्या जोडीला रोज सकाळी काल कोणता वार होता, आज कोणता आहे, उद्या कोणता असेल, ही तीन वाक्यं मुलांकडून म्हणून घेतात. गाणं क्रम देतं, आणि त्या क्रमात आपण कुठे उभे आहोत हे या तीन वाक्यांतून समजतं.

घरी किंवा वर्गात मुलाला फ्रेंच वार शिकवायचे असतील, तर वारांची नुसती यादी चालीवर बसवलेलं गाणं घेऊ नका. ज्यात एका दिवसाचं काम दुसऱ्या दिवसाशिवाय पुरं होत नाही, असं गाणं निवडा. ते टाळी देत सावकाश म्हणा, सामदीचे तिन्ही खंड स्पष्ट उच्चारा. पाठ झाल्यावर अधूनमधून वाँद्रदीपासून सुरू करायला लावा आणि मार्दीच्या आधीचा वार विचारा. मूल लँदीकडे न वळता लगेच उत्तर देऊ लागलं, की त्याला आठवडा आला असं समजा.