आईला कुठे ठेवायचं? बैठकीआधीचं पत्र

आजारी माणसाला घरी न्यायचं की सुश्रूषा केंद्रात ठेवायचं, हा निर्णय पुष्कळदा वॉर्डाबाहेरच्या बाकावर, डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी होतो. जो मुलगा समोर असतो तो डॉक्टरांचं ऐकतो, मान हलवतो आणि मग रात्री फोनवर बाकीच्यांना सांगतो, "हॉस्पिटल आईला हलवायला सांगतंय." त्या एका वाक्यातून पुढची भांडणं निघतात. कुणाला वाटतं बेड रिकामा करायचा आहे, कुणाला वाटतं डॉक्टरांनी हात टेकले, कुणाला वाटतं भावाला जबाबदारी नको आहे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवेचं काम करताना माझं मत असं झालं आहे की नातेवाईकांची बैठक बिघडते ती बहुतेक वेळा बोलावण्यात. काय ठरवायचं आहे, कोणते पर्याय आहेत आणि डॉक्टरांचा कल कशाकडे व का आहे, हे सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच शब्दांत, लेखी कळायला हवं.

नमुन्यादाखल एक कुटुंब घेऊ. नाव नको, पण अशी कुटुंबं पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात भेटतील. आई 72 वर्षांची. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला, उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं. सहा आठवडे झाले आहेत. गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी आहे, लघवीची नळी आहे, माकडहाडावर रुपयाएवढी जखम झाली आहे. वजन 68 किलो. घरी बाबा 78 वर्षांचे. थोरला मुलगा आणि सूनबाई पुण्यातच, दोघांची नोकरी. मुलगी नाशिकला, धाकटा न्यू जर्सीला.

अशा वेळी रुग्णालयाकडून सहसा दोन ओळींचा निरोप जातो: "पेशंटच्या पुढील व्यवस्थेबाबत नातेवाईकांनी भेटावे." वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. बिलाचं काही आहे की आता शेवटचं सांगणार आहेत, अशा धास्तीनेच माणसं येतात. उलट "पेशंटला शिफ्ट करण्याबाबत बैठक" असं लिहिलं तर निर्णय आधीच झाला आहे आणि आपल्याला सही करायला बोलावलं आहे, असा अर्थ निघतो. मग बैठकीची पहिली वीस मिनिटं राग शमवण्यात जातात. म्हणून पत्र थोडं लांब लिहावं. या कुटुंबाला ते साधारण असं जाईल:

"आपल्या आईंची प्रकृती आता स्थिर आहे. रोज डॉक्टरांनी तपासण्याची गरज कमी झाली आहे, पण चोवीस तास सुश्रूषेची गरज आहे आणि ती निदान काही महिने राहील. ही सुश्रूषा कुठे व्हावी हे अजून ठरलेलं नाही. ते आपल्याबरोबर ठरवण्यासाठी शनिवारी संध्याकाळी साडेसातला पाऊण तासाची बैठक ठेवली आहे. ही वेळ न्यू जर्सीतल्या सकाळची आहे, म्हणून धाकट्या चिरंजीवांना व्हिडिओ कॉलवर येता येईल. डॉक्टर, वॉर्डच्या सिस्टर, फिजिओथेरपिस्ट आणि समाजसेविका हजर असतील. बाबा, दोन्ही मुलगे, ताई आणि सूनबाई या सर्वांनी यावं, ही विनंती."

सूनबाईंचा उल्लेख वेगळा केला आहे तो मुद्दाम. घरी नेलं तर रात्री उठणार कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण बोलावणं जातं मुलग्यांना. जिच्या अंगावर काम पडणार तिला न विचारता घेतलेला निर्णय महिन्याभरात मोडतो आणि त्याचा त्रास अंथरुणावरच्या माणसाला होतो. दूरच्या मुलालाही पहिल्या दिवसापासून धरावं लागतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांमध्ये 'कॅलिफोर्नियाची मुलगी' असा शब्दप्रयोगच रूढ आहे. 1991 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेखही आला होता. लांब राहणारं अपत्य शेवटी येतं आणि जवळच्यांनी विचारपूर्वक ठरवलेलं सगळं उलटवू पाहतं. ते दुष्टपणे वागत नाही. बाकीच्यांनी सहा आठवडे रोज डोळ्यांनी जे पाहिलं, ते त्याला एका दिवसात पचवायचं असतं.

पत्राचा पुढचा भाग पर्यायांचा. इथे पर्यायाचं नाव लिहून भागत नाही, त्या पर्यायात रोज काय करावं लागेल ते लिहावं लागतं. आईंना दर दोन तासांनी कुशीवर वळवायला हवं, रात्रीसुद्धा. नाहीतर ती रुपयाएवढी जखम हाडापर्यंत जाते. दर दोन-तीन तासांनी नळीतून साधारण 200 मिलिलिटर पातळ अन्न द्यायचं, त्या वेळी पलंगाची डोक्याकडची बाजू उचललेली हवी आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच ठेवायची. आडवं ठेवून दिलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. खोकला, धाप आणि ताप ही त्याची खूण. 68 किलोच्या माणसाला एकट्याने नीट वळवता येत नाही. ओढलं की कातडी सोलते.

हे एकदा मांडलं की पर्याय आपोआप स्पष्ट होतात. पहिला पर्याय घराचा: बारा-बारा तासांच्या दोन बायका ब्युरोकडून, आठवड्यातून दोन-तीनदा ड्रेसिंगला सिस्टर, भाड्याचा पलंग, हवेची गादी आणि वळवताना हात लावायला घरातलं एक माणूस, रात्रीदेखील. बाई आली नाही त्या दिवशी काय करायचं, हेही तिथेच लिहायचं. दुसरा, सुश्रूषा केंद्रात कायमचं ठेवणं. तिसरा, केंद्रात तीन महिने ठेवणं आणि मग पुन्हा ठरवणं. चौथा, ताईंकडे नाशिकला. तिथे काम तेवढंच, फक्त माणसं बदलतात. प्रत्येकापुढे महिन्याचा खर्च त्याच त्याच बाबींत मांडावा, म्हणजे तुलना होते. केंद्राचा आकडा मोठा दिसतो, कारण त्यात माणसं, जेवण, धुणं एकत्र असतं. घरचा आकडा लहान दिसतो, कारण घरच्या माणसाची बुडालेली नोकरी त्यात कुणी धरत नाही.

खर्चाबाबत एक गोष्ट पत्रातच सांगून टाकावी: मेडिक्लेमवर विसंबू नये. आरोग्यविम्याच्या ठरावीक वगळण्यांमध्ये विश्रांती, पुनर्वसन आणि केवळ देखभालीसाठीचा मुक्काम येतो. रुग्णालयातलं बिल विम्याने दिलं म्हणून केंद्राचंही देईल असं धरून चालणाऱ्यांना पहिल्याच महिन्यात धक्का बसतो. नातेवाईक वृद्धाश्रम सुचवतात, पण बहुतेक वृद्धाश्रम चालत्या-फिरत्या माणसांनाच घेतात. मुंबईचं शांती आवेदना सदन किंवा पुण्याचं सिप्ला केंद्र ही नावंही निघतात. ती मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांसाठी आहेत.

आता कल. अनेक डॉक्टर पर्याय मांडतात आणि "तुम्ही ठरवा" म्हणून बाजूला होतात. त्यात कुटुंबाचा मान राखल्यासारखं दिसतं, पण ओझं पूर्ण त्यांच्यावर पडतं आणि आईला बाहेर ठेवलं हा सल मुलांच्या मनात कायमचा राहतो. म्हणून पत्रात स्पष्ट लिहावं: "आमचा कल तिसऱ्या पर्यायाकडे आहे. पक्षाघातानंतर सुधारणा मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत होते, पुढे वेग मंदावतो. उरलेल्या काळात रोज फिजिओथेरपी आणि गिळण्याचा सराव नेटाने व्हायला हवा. जखम भरण्यासाठी रात्रीचं वळवणं चुकता कामा नये आणि बाबांच्या वयाला ते झेपणार नाही. तुमची तयारी वेगळी असेल तर हा कल बदलेल." शेवटचं वाक्य गाळलं तर आधीचं सगळं हुकुमासारखं वाचलं जातं.

ज्यांना घरीच न्यायचं आहे त्यांच्यासाठी बैठकीआधी एक उपाय आहे. घरच्या दोघांनी वॉर्डात पूर्ण चोवीस तास सगळं स्वतः करून बघावं: नळीतून भरवणं, कूस बदलणं, लंगोट बदलणं. सिस्टर शेजारी उभ्या राहतील, हात लावणार नाहीत. काहींना यातून कळतं की आपल्याला जमतं आणि ती माणसं खरोखर उत्तम करतात. काहींना पहाटे तीनच्या वळवण्यालाच कळून येतं. दोन्ही उत्तरं उपयोगाची असतात.

आणि आईंना विचारायचं कसं? बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं मुळीच नाही. आधी त्यांचा होकार-नकार भरवशाचा आहे का ते पाहतात. डाव्या हाताने बोट दाबायला सांगून ज्याचं उत्तर ठाऊक आहे असं काही विचारायचं: "तुम्ही पुण्यात राहता ना?" मग उलटं: "तुम्ही नागपूरला राहता ना?" प्रत्येकाला होच आलं तर त्या होकारावर निर्णय बांधता येत नाही. उत्तरं जुळली तर घराचा आणि केंद्राचा फोटो दाखवून वेगवेगळ्या वेळी, प्रश्न फिरवून विचारायचं आणि जे मिळेल ते बैठकीत पहिल्यांदा सांगायचं. काहीच जुळलं नाही तर नातेवाईकांना पत्रात प्रश्न घालायचा: आईंनी आधी कधी, कुणाच्या आजारपणात, स्वतःबद्दल काही म्हटलं होतं का? तुम्हाला काय हवं आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

सह्यांची अडचणही आधी कळवलेली बरी. घर किंवा ठेव एकट्या आईंच्या नावावर असेल आणि त्यांना व्यवहार समजत नसेल, तर आता मुखत्यारपत्र करून घेता येत नाही. बेशुद्ध किंवा असमर्थ माणसासाठी पालक नेमून घ्यायला कुटुंबांना उच्च न्यायालयात जावं लागलं आहे. तेवढे पैसे धरूनच केंद्र निवडलं असेल तर बेत कोसळतो. म्हणून पहिले तीन महिने कोण किती भरणार, हे आकड्यांत बैठकीतच लिहून घ्यावं.

आपल्या नमुन्याच्या घरात बैठक अशी होईल. बाबा म्हणतील, "मी असताना ती बाहेर का?" याला डॉक्टरांनी वैद्यकीय उत्तर लगेच देऊ नये. बाबांना त्यांचं काम द्यावं: रोज दुपारी केंद्रात जाऊन बसणं, वळवल्याचा तक्ता बघणं, तिच्याशी बोलणं. धाकटा विचारेल की जास्त पैसे टाकले तर घरीच सगळं होणार नाही का. त्याला सूनबाई सांगतील की बाई आली नाही त्या रात्री पैसे आईला वळवत नाहीत. केंद्र बघायला ताई आणि थोरला जातील, रात्री आठनंतर, कारण दिवसा सगळीकडे माणसं असतात. रात्री किती रुग्णांमागे एक माणूस आहे, वळवल्याची नोंद वेळेसह आहे की एकाच पेनाने एकदम भरलेली आहे, ताप आला तर कुठल्या रुग्णालयात आणि कुणाच्या गाडीने नेतात, हे ते विचारतील.

बैठकीनंतर अर्धं पान टिपण सगळ्यांना त्याच दिवशी जावं. त्यात निर्णय, कुणाचं काय काम, आणि पुन्हा बसण्याची तारीख. त्या तारखेला तीन गोष्टी पाहायच्या: गिळण्याची तपासणी होऊन नळी निघाली का, जखम भरली का, आणि एका माणसाच्या आधाराने आई खुर्चीत बसू शकतात का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर घराचा पर्याय पुन्हा टेबलावर येतो, आणि या वेळी एका बाईच्या मदतीने.