किती उतारे घेतले तर चोरी?

एखाद्या पुस्तकातले दहा टक्के, गाण्याचे तीस सेकंद, लेखातल्या चार ओळी… एवढे घेतले तर चालते, असे आकडे लोक अगदी खात्रीने सांगतात. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात यातला एकही आकडा नाही. त्याच्या कलम 52 मध्ये संशोधनासह खासगी वापर, टीका व परीक्षण आणि चालू घडामोडींची बातमी यांसाठी ‘फेअर डीलिंग’, म्हणजे रास्त वापर, हा अपवाद आहे. रास्त कशाला म्हणायचे, हे मात्र प्रत्येक खटल्यात नव्याने ठरते.

हे कसे ठरते, ते केरळमधल्या एका नाटकाच्या वादात फार चांगले दिसते. तोप्पिल भासी यांचे ‘निंगळेन्ने कम्युनिस्टाक्कि’ (तुम्ही मला कम्युनिस्ट केलंत) हे नाटक 1952 मध्ये रंगमंचावर आले आणि केरळच्या राजकीय इतिहासाचाच भाग होऊन बसले. पुढे चार दशकांनी सिव्हिक चंद्रन यांनी त्याला उत्तर देणारे नाटक लिहिले. त्याचे नावच विचारत होते: तुम्ही कम्युनिस्ट केलंत ते कोणाला? ज्या दलितांच्या आणि शेतमजुरांच्या बळावर चळवळ उभी राहिली, त्यांच्या वाट्याला काय आले, हा त्यांचा सवाल होता. तो विचारण्यासाठी त्यांनी भासींची पात्रे घेतली, प्रसंग घेतले, बरेच संवादही जसेच्या तसे उचलले. भासींचे वारस कोर्टात गेले आणि खालच्या कोर्टाने प्रयोगांना तात्पुरती मनाई केली.

केरळ उच्च न्यायालयाने 1996 मध्ये ती मनाई उठवली. न्यायालयाने तीन गोष्टी पाहिल्या. टीकेच्या मानाने उचललेला मजकूर किती आणि किती मोलाचा आहे? तो कशासाठी उचलला? आणि नवे नाटक जुन्याचा प्रेक्षक पळवील का? चंद्रन यांनी उचललेला भाग थोडाथोडका नव्हता. पण ज्या नाटकाची चिकित्सा करायची, तेच नाटक प्रेक्षकांपुढे उभे केल्याशिवाय टीका पोचणार तरी कशी? शिवाय भासींचे नाटक पाहायला निघालेला माणूस त्याऐवजी हे पाहून समाधानी होईल, अशी शक्यता नव्हती. तेच संवाद घेऊन कोणी नुसती करमणुकीची नक्कल बसवली असती, तर उत्तर वेगळे आले असते.

टीकाकाराची भीती इथे थोडी कमी व्हावी. कडक टीकेमुळे मूळ कलाकृतीची मागणी घटली, तर तो कॉपीराइटचा भंग नव्हे. तिची जागा घेणारी प्रत बाजारात आणली, तर मात्र तो भंग ठरू शकतो. खाली मूळ लेखकाचे नाव छापले की परवानगी मिळाली, हा समजही खोटा आहे. श्रेय देणे योग्यच, पण तेवढ्याने जास्तीची उचल माफ होत नाही.

बातमीदारांना हीच रेषा ब्रिटनमध्ये भोवली. ‘फेअर डीलिंग’ ही कल्पना भारतात ब्रिटिश कायद्यातूनच आली. ब्रिटिश नेते पॅडी ॲशडाउन यांनी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्याबरोबरच्या 1997 मधल्या एका बैठकीचे गोपनीय टिपण करून ठेवले होते. ते फुटले आणि 1999 मध्ये ‘संडे टेलिग्राफ’ने त्यातले मोठमोठे भाग शब्दशः छापले. विषय सार्वजनिक हिताचा होता, यात शंका नाही. पण टिपण अजून अप्रकाशित होते आणि ॲशडाउन आपल्या नोंदी पुस्तकरूपाने आणण्याच्या तयारीत होते. बातमी सांगण्याचा हक्क वृत्तपत्राला होताच, आणि आपल्याकडे अस्सल कागद आहे हे पटवायला एखाददुसरे अवतरण पुरले असते. त्यापलीकडची उचल रास्त नाही, असे अपील न्यायालयाने 2001 मध्ये ठरवले.

शिक्षणासाठी भारतीय कायदा आणखी मोकळा आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातले रामेश्वरी हे झेरॉक्सचे दुकान वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना देत असे. त्यावर 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला. शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींसाठी कलम 52 मध्ये स्वतंत्र तरतूद आहे आणि तिला पानांची मर्यादा नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर 2016 मध्ये सांगितले. पाहायचे ते एवढेच, की तो मजकूर शिकवण्यासाठी खरोखर गरजेचा होता का. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा फार मोठा दिलासा होता. मात्र त्या संचांतला मजकूर गरजेपुरताच होता का आणि अख्खी पुस्तके झेरॉक्स करणे कितपत बसते, हे पुराव्यानिशी तपासायला खंडपीठाने प्रकरण परत पाठवले. 2017 मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला आणि ती तपासणी झालीच नाही.