रेझ्युमेतली एक ओळ

फर्मवेअरच्या जाहिरातीत एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर, आयटूसी आणि हार्डवेअर डीबगिंग मागितलेले असते. रेझ्युमेत नुसते ‘आयटूसी येते’ असेल, तर परीक्षकाला काहीच कळत नाही. याउलट ही नोंद पाहा: ‘४०० किलोहर्ट्झवर सेन्सर अधूनमधून उत्तर देईना. ऑसिलोस्कोपवर सिग्नल फार सावकाश चढताना दिसला. १० किलोओहमचे पुल-अप रेझिस्टर काढून १.५ किलोओहमचे लावले.’ इथे माणसाने बोर्ड हाताळलाय हे दिसते. या वेगाला सिग्नल ३०० नॅनोसेकंदांत चढावा लागतो. जोडणीची धारकता २०० पिकोफॅरड असेल, तर १० किलोओहमला सुमारे १७०० नॅनोसेकंद लागतात. लॉजिक ॲनालायझर फक्त शून्य-एक दाखवतो, हा चढ त्यात दिसत नाही. मुलाखतीत मी तरी आधी हेच विचारीन: ऑसिलोस्कोपच का घेतलात?